कार्यालयात बोलावणारं परिपत्रक

एचआरमध्ये काम करणाऱ्या माणसाला गेल्या काही वर्षांत एकच मसुदा पुन्हा पुन्हा लिहावा लागला आहे: अमुक तारखेपासून आठवड्यातले इतके दिवस कार्यालयात येणं बंधनकारक. त्याचा साचाही आता ठरून गेला आहे. आधी महासाथीच्या काळात सर्वांनी दाखवलेल्या निष्ठेबद्दल आभार, मग सहकार्य, संस्कृती आणि नवकल्पना यांवर चार वाक्यं, मग दिवस आणि तारीख, आणि शेवटी ‘अपवादात्मक परिस्थितीत आपल्या मॅनेजरशी बोलावे’ अशी एक ओळ. असे मसुदे लिहून, वरून दुरुस्त होऊन आलेले पुन्हा लिहून आणि परिपत्रक गेल्यानंतरच्या प्रश्नांना उत्तरं देऊन माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. लोक दिवसांच्या संख्येवर चिडतात असं वरवर दिसतं, पण त्यांना खरी खटकते ती कारणांची चार वाक्यं. दिलेलं कारण आणि त्याखालचं वेळापत्रक यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे त्यांना पहिल्या वाचनातच कळतं. म्हणून मसुदा कारणापासून सुरू करावा, कारण शक्यतो एकच द्यावं, ते कोणालाही तपासून पाहता येईल असं असावं, आणि दिवस, अपवाद, तक्रारीची वाट या तिन्ही गोष्टी त्याच कारणातून काढाव्यात.

तपासता येणारं कारण म्हणजे काय, हे पुण्याच्या हिंजवडीत काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको. तिथल्या कितीतरी इमारती विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे एसईझेडमध्ये येतात. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने एसईझेडच्या नियमांत ४३अ हा नियम घातला. घरून काम करता येईल, पण निम्म्यापर्यंतच कर्मचाऱ्यांना आणि एका वर्षापुरतं, असं त्यात म्हटलं होतं. ‘सरकारी नियमामुळे बोलवावं लागत आहे’ हे त्या काही महिन्यांपुरतं खरं कारण होतं, आणि त्यावर फारसा वाद झाला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तोच नियम सैल झाला आणि सगळ्यांनाच घरून काम करायची मुभा मिळाली. त्यानंतरही ज्या परिपत्रकांत एसईझेडचा हवाला तसाच राहिला, त्यांची अडचण झाली, कारण अधिसूचना कोणालाही वाचता येते. एक कारण खोटं निघालं की उरलेली तीनही खोटी धरली जातात. चार कारणं दिल्याने बाजू भक्कम होते, हा आपल्याकडच्या वरिष्ठांचा आवडता समज आहे. प्रत्यक्षात सर्वांत कच्च्या कारणावर बोट ठेवलं जातं आणि चर्चा तिथेच अडकते.

एसईझेडचं कारण गेल्यावर उरलं ते सहकार्याचं. ते खोटं नाही, पण इतकं सैल आहे की त्यातून पाच दिवसही निघतात आणि शून्य दिवसही. या विषयावरचे अभ्यास नीट वाचले तर दोन्ही बाजूंनी त्यांतलं सोयीचं तेवढंच उचलल्याचं दिसतं. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रिप डॉट कॉम या चिनी प्रवास कंपनीत १६१२ कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. जन्मतारीख सम की विषम यावरून दोन गट पाडले होते. एक गट पाचही दिवस कार्यालयात, दुसऱ्याला आठवड्यात दोन दिवस घरून काम. दोन दिवस घरी असणाऱ्यांच्या कामाच्या मूल्यमापनात किंवा बढत्यांत फरक पडला नाही, आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं. पाच दिवसांची सक्ती करू पाहणाऱ्याने आधी याचं उत्तर द्यायला हवं. पण पूर्णवेळ घरून काम करण्याबद्दल हा प्रयोग काहीच सांगत नाही, कारण त्यातले सगळेच लोक निदान तीन दिवस कार्यालयात येत होते. दुसऱ्या बाजूला, एका मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांचा अभ्यास आहे. तिथे काही टीम एकाच इमारतीत बसत, तर काही टीमचे लोक चालत काही मिनिटांवरच्या दोन इमारतींत विभागलेले होते. एकाच इमारतीत बसणाऱ्यांना आपल्या कोडवर जास्त शेरे आणि सूचना मिळत. याचा फायदा नव्यांना सर्वांत अधिक झाला. जुन्यांचं स्वतःचं काम मात्र शिकवण्यापायी थोडं कमी झालं.

मला हा दुसरा अभ्यास परिपत्रक लिहिणाऱ्याच्या सर्वांत कामाचा वाटतो. त्यातलं कारण अरुंद आहे, आणि म्हणूनच ते वापरता येतं. ‘नवीन लोक जुन्यांच्या शेजारी बसून लवकर शिकतात’ हे वाक्य परिपत्रकात घातलं की वेळापत्रक जवळजवळ आपोआप ठरू लागतं. नवा माणूस आणि त्याचं काम तपासणारा माणूस एकाच दिवशी कार्यालयात असला पाहिजे. दोघं वेगवेगळ्या दिवशी आले तर दोघांचीही हजेरी लागते आणि कारण मात्र वाया जातं. जुन्यांचा वेळ यात जाणार, हेही मान्य करावं लागतं. त्या दिवसांत त्यांच्याकडून नेहमीइतकंच काम मागितलं, तर ते हेडफोन चढवून बसतील आणि शेजारचा नवा मुलगा चॅटवर प्रश्न विचारत राहील. ‘सहकार्य वाढावे’ या वाक्यातून यातलं काहीच निघत नाही.

आता एक उदाहरण आकड्यांत मांडून पाहू. समजा, एका कंपनीत ९०० माणसं आहेत आणि महासाथीत दोन मजले सोडून दिल्यामुळे बसायच्या जागा ६००. आठवड्यात तीन दिवस यायचं ठरलं, तर रोज सरासरी ५४० माणसं येतील. म्हणजे जागा पुरेशी दिसते, आणि बहुतेक मसुदे इथेच थांबतात: ‘कोणतेही तीन दिवस, आपल्या सोयीने.’ पण सोय सगळ्यांची सारखीच असते. सोमवार आणि शुक्रवार घरी ठेवावेसे वाटतात, आणि मंगळवार ते गुरुवार ६०० खुर्च्यांवर ७०० ते ८०० माणसं उतरतात. लोक कॅन्टीनमध्ये लॅपटॉप उघडून बसतात, बैठकीच्या खोल्या सकाळीच अडवल्या जातात आणि दुसऱ्याच आठवड्यात परिपत्रकाची थट्टा सुरू होते. हे मोठ्या नावाजलेल्या कंपन्यांनाही चुकलेलं नाही. ॲमेझॉनने सप्टेंबर २०२४ मध्ये पाचही दिवस येण्याचं जाहीर केलं आणि २ जानेवारी २०२५ ही तारीख दिली. पण काही शहरांत जागाच तयार नसल्याने तिथल्या लोकांसाठी ती तारीख पुढे ढकलावी लागली.

मग दुसरा मोह होतो तो दोन गट करण्याचा: अर्ध्यांनी सोमवार ते बुधवार यायचं, अर्ध्यांनी बुधवार ते शुक्रवार. तीन आणि तीन सहा होतात, आठवड्यात दिवस पाच, त्यामुळे बुधवारी सगळे ९०० हजर. त्यापेक्षा १८० जणांच्या पाच तुकड्या कराव्यात. पहिलीला सोमवार, मंगळवार, बुधवार द्यावेत. पुढच्या प्रत्येक तुकडीची सुरुवात एक दिवस पुढे सरकवावी. चौथीला गुरुवार, शुक्रवार, सोमवार येतात आणि पाचवीला शुक्रवार, सोमवार, मंगळवार. कोणताही दिवस घेतला तरी बरोबर तीन तुकड्या, म्हणजे ५४० माणसं येतात आणि रोज ६० जागा पाहुण्यांसाठी आणि अडीअडचणीसाठी उरतात. शिवाय कोणत्याही दोन तुकड्यांना निदान एक दिवस एकत्र मिळतो, आणि लागून असलेल्या तुकड्यांना दोन. त्यामुळे ज्या दोन टीमचं एकमेकांवाचून अडतं, त्यांना लागून असलेल्या तुकड्यांत ठेवावं. नवा आणि त्याचं काम तपासणारा यांना तर एकाच तुकडीत ठेवावं. चौथ्या आणि पाचव्या तुकडीतले लोक सलग दिवस मिळाले नाहीत म्हणून कुरकुरतील, आणि त्यांचं बरोबर आहे. तीन महिन्यांनी तुकड्या फिरवायच्या, असं परिपत्रकातच लिहून टाकावं. हे सगळं एका पानावर मावतं. पण त्यासाठी मसुदा लिहिणाऱ्याला आधी जागांचं काम पाहणाऱ्या ॲडमिनच्या माणसाशी बोलावं लागतं, आणि गंमत म्हणजे नेमकं तेच सर्वांत शेवटी केलं जातं.

तारखेचाही हिशेब असाच असतो. महासाथीत गावी परतलेला माणूस साताऱ्याहून किंवा लातूरहून पुण्यात परत यायचा, तर त्याला घर शोधावं लागतं, अनामत रक्कम उभी करावी लागते, अकरा महिन्यांचा करार करावा लागतो आणि मूल असेल तर शाळा बघावी लागते. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. ऑक्टोबरमध्ये परिपत्रक काढून नोव्हेंबरची तारीख दिली, तर त्या माणसाला मुलाची शाळा अर्ध्यावरून सोडवावी लागते. कारण एवढं तातडीचं असेल तर तसं लिहावं. नव्यांचं शिक्षण हे कारण असेल, तर ते जूनपर्यंत थांबू शकतं. लोक तारखेवरून कारणाची खोली मोजतात. दोन-तीन आठवड्यांची मुदत देणारं परिपत्रक वाचून ‘यांना माणसं कमी करायची आहेत’ हाच निष्कर्ष काढला जातो, मग आत काहीही लिहिलेलं असो.

अपवादांचा भाग लिहिताना कारण नेमकं असण्याचा सर्वांत मोठा फायदा होतो. एरवी अपवाद म्हणजे मेहेरबानी होऊन बसते. कारण स्पष्ट असलं की अपवाद दोन जातींचे असतात हे दिसू लागतं. पहिल्या जातीत कारणच लागू होत नाही. एखाद्याची सगळी टीम बेंगळुरूला आहे आणि ग्राहक अमेरिकेत. तो हिंजवडीला दीड तास प्रवास करून येणार आणि दिवसभर कानाला हेडफोन लावून तेच कॉल घेणार, जे तो घरून घेत होता. शेजारी बसून शिकवायला इथे त्याचं कोणी नाही. अशा माणसाला अर्ज करायला लावणं चूक आहे. ही यादी परिपत्रक निघण्याआधी कंपनीनेच करावी आणि त्यांना तसं कळवावं. दुसऱ्या जातीत कारण लागू असतं, पण माणसाला येणं शक्य नसतं किंवा फार जड जातं: आजारपण, अपंगत्व, बाळंतपण, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस. अर्जाची प्रक्रिया हवी ती या दुसऱ्या जातीसाठी. त्यातही सगळं मर्जीवर सोडलेलं नाही. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करावं असं सांगितलं. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने, कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतरही परस्परांना मान्य अटींवर घरून काम देता येईल, अशी तरतूद आणली. ही तरतूद कंपनीवर सक्ती करत नाही, पण अर्ज करणाऱ्या बाईला ती ठाऊक असते आणि परिपत्रकात तिचा उल्लेख नसला तर तिला तो वगळलेला दिसतो.

प्रक्रियेत चार-पाच गोष्टी साध्या शब्दांत लिहिलेल्या असाव्यात. अर्ज कोणाकडे जातो, आणि तो केवळ मॅनेजरच्या हातात नसतो. निर्णय किती दिवसांत, म्हणजे समजा कामाच्या सात दिवसांत. निर्णय होईपर्यंत आधीची व्यवस्था चालू राहते. मंजुरी किती काळाची, आणि मुदत संपण्याआधी आठवण कोण करून देतं. नकार असेल तर तो कारणासह लेखी, आणि त्यावर दाद मागायची ती त्या मॅनेजरच्या साखळीबाहेरच्या माणसाकडे. वैद्यकीय कागदांबाबत एक वाक्य आवर्जून घालावं: डॉक्टरांच्या दाखल्यात माणसाला काय करता येत नाही आणि किती काळ, एवढं असलं की पुरे, रोगाचं नाव नको. ‘दोन महिने पंधरा मिनिटांपेक्षा जास्त दुचाकीवर किंवा बसमध्ये प्रवास करू नये’ एवढ्यावर निर्णय घेता येतो. रोगाचं नाव मागितलं की ते मॅनेजरच्या मेलबॉक्समधून कुठे कुठे जातं याला मोजमाप राहत नाही, आणि ज्यांना अपवादाची सर्वांत जास्त गरज असते, मानसिक आजारावर उपचार घेणारे त्यांत आले, ते अर्जच करत नाहीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: दार उघडलं की सगळेच अर्ज करतील. पहिल्या पंधरा दिवसांत अर्जांचा लोंढा येतो, हे खरं आहे. पण तो वाचला की त्यातले बरेच जण कायमची सूट मागत नाहीत असं दिसतं. त्यांना वेळ हवा असतो. कोणाचं घर मिळायचं आहे, कोणाला पाळणाघरात जागा जूनमध्ये मिळणार आहे, कोणाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. अशांसाठी साठ दिवसांची तात्पुरती मुदत ठेवावी, कागदपत्र न मागता, एका साध्या फॉर्मवर. खऱ्या अपवादांची रांग त्याने आटोक्यात येते. अर्जाची वाट बंद ठेवल्याने अपवाद थांबत नाहीत, ते फक्त तोंडी होतात. ज्याचा मॅनेजर भला, त्याला शुक्रवार माफ. ज्याचा मॅनेजर स्वतःच रोज येतो, त्याच्या टीमला काहीच माफ नाही. ही असमानता लेखी प्रक्रियेतल्या कोणत्याही असमानतेपेक्षा वाईट असते, कारण ती दिसत नाही आणि तिच्याविरुद्ध दादही मागता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सर्वांना एकच नियम लावणं हेच न्याय्य, नाहीतर ‘त्याला का आणि मला का नाही’ याला अंत नाही, असं म्हणणारे सगळेच हुकूमशाही वृत्तीचे नसतात. त्यांच्यातले कित्येक स्वतः रोज बसने येणारे असतात. कारखान्यातल्या, प्रयोगशाळेतल्या किंवा ग्राहकाच्या बंदिस्त केंद्रात बसणाऱ्या लोकांना घरून कामाची मुभा कधी मिळालीच नाही, आणि त्यांच्या नजरेतून ही सगळी चर्चा लाडाची वाटू शकते. मला त्यांचं म्हणणं निम्मं पटतं. नियम सारखाच असावा, पण सारखेपणा कारणाच्या संदर्भात मोजावा. ज्याचं नव्यांशी काम आहे त्या प्रत्येकाने त्या दिवशी यावं, मग तो व्हाइस प्रेसिडेंट का असेना. बहुतेक परिपत्रकं नेमकी इथेच ढासळतात. वरच्या पदांना ‘प्रवास आणि ग्राहकभेटी’ या नावाखाली न लिहिलेली सूट असते आणि खालच्यांसाठी प्रवेशद्वारावरचा स्वाइप मोजला जातो. टीसीएसने २०२० मध्ये, २०२५ पर्यंत एका वेळी पंचवीस टक्के लोकच कार्यालयात असले तरी चालेल, असं चित्र मांडलं होतं आणि ऑक्टोबर २०२३ पासून पाच दिवस यायला सांगितलं. धोरण बदलण्याचा हक्क कोणत्याही कंपनीला आहे. पण आधी जाहीर केलेला विचार का सोडला, हे नव्या परिपत्रकात दोन वाक्यांत तरी आलं नाही तर वाचणारा ते स्वतःच्या मनाने भरून घेतो.

तिसरा आक्षेप कायद्याचा: नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण लिहिलेलं आहे, मग कारण सांगायचंच कशाला? सांगायचं बंधन नसेलही. पण कारण न देता पाठवलेल्या परिपत्रकात अपवाद कशावर तोलायचे, याला काही आधारच उरत नाही, आणि प्रत्येक अर्जाच्या वेळी एचआरमधल्या माणसाला ते कारण नव्याने बनवावं लागतं. त्यातून दोन सारख्या अर्जांना दोन वेगळी उत्तरं जातात.

शंका मांडण्याच्या वाटेबद्दल लिहिताना एक प्रामाणिकपणा पाळावा. काय बदलू शकतं आणि काय नाही, हे आधीच सांगून टाकावं. तीन दिवस हा आकडा पक्का असेल तर ‘आपल्या सूचनांचं स्वागत आहे’ असं लिहून लोकांना खोटी आशा लावू नये. तुकडी, वार, यायची वेळ, बसचा मार्ग, अपवादाचे निकष यांत बदल होऊ शकतो, असं स्पष्ट लिहावं. हिंजवडीच्या बाबतीत यायची वेळ हाच बहुतेकदा सर्वांत मोठा मुद्दा असतो. वाकड आणि भूमकर चौकात सकाळी अडकणाऱ्याला साडेअकराला येऊन साडेसातला जायची मुभा मिळाली तर त्याचा अर्धा विरोध मावळतो. प्रश्न आणि तक्रार यांच्या वाटाही वेगळ्या ठेवाव्यात. ‘माझी तुकडी कोणती’ हा प्रश्न आहे, त्याचं उत्तर दोन दिवसांत मिळावं. ‘मंजुरी असूनही मॅनेजर मूल्यमापनात वचपा काढतो आहे’ ही तक्रार आहे, आणि ती त्याच मॅनेजरला कॉपी होणाऱ्या मेलवर मागवू नये. निनावी फॉर्मबद्दल दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. एकट्याची अडचण निनावी राहून सुटत नाही, पण एकाच टीमकडून सहा निनावी तक्रारी आल्या तर कुठे पाहायचं ते कळतं. आलेल्या प्रश्नांची उत्तरं दर आठवड्याला सर्वांना दिसतील अशा पानावर टाकावीत, गैरसोयीच्या प्रश्नांचीही.

शेवटी हजेरीची मोजणी. इथे एक अगदी तांत्रिक चूक फार नुकसान करते. अपवाद मंजूर होतो एचआरच्या फाइलमध्ये, आणि हजेरी मोजते प्रवेशद्वाराची स्वाइप यंत्रणा. दोघांचा संबंध जोडलेला नसला, तर कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या माणसाला महिनाअखेरीस ‘आपली उपस्थिती कमी आहे’ असा यंत्राचा मेल जातो. त्यावर माफी मागता येते, पण तो मेल ज्याने वाचला त्याच्या टीममध्ये पुन्हा कोणी अर्ज करत नाही. म्हणून परिपत्रकाची तारीख ठरवण्याआधी आयटीच्या माणसाकडून हा जोड तपासून घ्यावा. पहिले दोन महिने असे मेल बंदच ठेवले तरी काही बिघडत नाही. सकाळी स्वाइप करून, कॉफी घेऊन परत जाणारे लोक वाढले, तर त्यांच्यावर गस्त घालण्याआधी हे पाहावं की त्या दिवशी त्यांच्या टीममधलं दुसरं कोण आलं होतं. बहुतेकदा कोणीच आलेलं नसतं. आणि कारण नव्यांच्या शिकण्याचं असेल, तर मोजायचं तेही तेच: नव्या माणसाचं काम पहिल्यांदा तपासून परत यायला किती वेळ लागतो, तो स्वतःच्या भरवशावर काम कधी घेऊ लागतो. नव्वद दिवसांनी हे आकडे, किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि किती नाकारले यांच्या आकड्यांसोबत, त्याच पानावर लावावेत आणि तिसऱ्या दिवसाची गरज खरोखर आहे का, हे तेव्हा पुन्हा ठरवावं.